इनामदाराचे जोडे

सिनेमा पाहून कर्दळगडचे राजेसाहेब इतके संतापले की त्यांनी रिळं जाळायचा हुकूम दिला. दाजी तांडेलने तीन वर्षं खपून ‘आमचे धनी’ या कादंबरीवर हा मूकपट काढला होता. कादंबरी राजेसाहेबांची अतिशय लाडकी. भिवा नावाचा नोकर ती सांगतो आणि पानोपानी आपल्या इनामदार धन्याचे गोडवे गातो. राजेसाहेबांना त्यात आपलंच चित्र दिसायचं. सिनेमात मात्र त्या गोडव्यांची एकही पाटी पडद्यावर येत नव्हती.

दरबारचे भाऊशास्त्री तर सिनेमा आणि पुस्तक शेजारी ठेवून फरक वेचत बसले होते. पुस्तकात इनामदाराच्या मिशा वर वळलेल्या, पडद्यावर खाली. पुस्तकात गाय काळी, पडद्यावर पांढरी. एवढं पांडित्य संस्थानात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, हे खरंच.

दाजीची धाकटी बहीण सगुणा पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीला आली होती. ती दरबारात उभी राहिली आणि तिने शास्त्रीबुवांना विचारलं, “गाय काळी असती, तर इनामदार चांगला ठरला असता का?”

शास्त्रीबुवा म्हणाले की हा प्रश्न अभ्यासाच्या कक्षेत येत नाही.

राजेसाहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “पोरी, जीभ फार चालते तुझी. मग ऐक. पुस्तकातल्या स्तुतीचा एक शब्द गाळायचा नाही, सिनेमातलं एक चित्र बदलायचं नाही, आणि तरी दोन्ही एकच आहेत हे आम्हाला पटलं पाहिजे. उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर रिळं जळतील.”

दाजी घरी येऊन डोकं धरून बसला. सगुणाने त्याला रिळं गावातल्या सिनेमाच्या तंबूत न्यायला सांगितलं आणि स्वतः शास्त्रीबुवांकडे गेली. त्यांचा आवाज खणखणीत आहे, पडद्याशेजारी उभं राहून पुस्तक त्यांनीच वाचावं, अशी विनंती तिने केली. शास्त्रीबुवा खुलले.

दुसऱ्या दिवशी तंबू भरला. पुढे राजेसाहेब, त्यांच्या पायाशी जोडे सांभाळणारा रामजी, मागे सगळं गाव.

शास्त्रीबुवांनी वाचलं, “माझ्या धन्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही.” पडद्यावर इनामदाराने उष्टा तुकडा जमिनीवर टाकला आणि भिवाने तो उचलला. मागे कुणीतरी खुसखुसलं.

“थंडीत धन्यांनी मला आपली शाल दिली.” पडद्यावर भिवा कुडकुडत बसला होता आणि शालीत धन्याचे जोडे गुंडाळलेले होते. अख्खा तंबू हसला. शास्त्रीबुवांना पडदा दिसत नव्हता, त्यामुळे ते आणखी भक्तिभावाने वाचू लागले.

राजेसाहेब उठून उभे राहिले. “थांबवा. ही शाल तुझ्या भावाने मनाने घुसडली.”

“पुढचं वाक्य वाचा ना, शास्त्रीबुवा,” सगुणा म्हणाली.

शास्त्रीबुवांनी वाचलं, “धन्यांचे जोडे गार पडू नयेत म्हणून.” मग ते स्वतःच वाकून पडद्याकडे बघू लागले.

“भिवा ते अभिमानाने सांगतो,” सगुणा म्हणाली. “पुस्तकात आपण त्याच्या डोक्यात बसून ऐकतो, म्हणून फसायला होतं. पडद्यावर आपण त्याच्या शेजारी उभे असतो. तिथे स्तुती गाळली तरी शाल दिसतेच. राजेसाहेब, दाजीने शब्द गाळले. शाल तुम्ही गाळलीत, वाचताना.”

दाजीने डोळे मिटून घेतले.

राजेसाहेब सावकाश खाली बसले. सिनेमा पुढे सुरू झाला. शेवटी पुस्तकात भिवा धन्याचे गुण गातच मरतो. पडद्यावर मात्र तो हातातले जोडे उंबऱ्यावर ठेवतो आणि निघून जातो. दिवे लागले.

“हे मात्र पुस्तकात नाही,” राजेसाहेब म्हणाले. “आता पकडलं तुला. शेवट निराळा, म्हणजे दोन्ही एक नाहीत.”

“शेवट निराळा आहे, आणि त्या शेवटाचा अर्थही निराळा आहे,” सगुणा म्हणाली. “भिवाला मरेपर्यंत काही कळत नाही, म्हणून पुस्तक ते कळून घ्यायचं काम वाचणाऱ्यावर टाकतं. पुस्तक आपण एकटे वाचतो, त्यामुळे ती लाजही एकट्याची. तंबूत सगळे एकत्र बसतात, धनीही आणि नोकरही. म्हणून दाजीने ते कळणं भिवाला दिलं. त्यात वाचकाची लाज थोडी हरवली, हे मी कबूल करते. पण त्या बदल्यात एक प्रश्न मिळाला. गोष्ट एकच आहे, राजेसाहेब. पुस्तक विचारतं, तुला कधी कळणार? सिनेमा विचारतो, आता जोडे कोण उचलणार?”

राजेसाहेबांनी सवयीने पाय पुढे केला. जोडे जमिनीवर पडले होते. रामजी हात मोकळे सोडून रिकाम्या पडद्याकडे बघत उभा होता.

राजेसाहेबांनी जोड्यांकडे पाहिलं, रामजीकडे पाहिलं आणि ते इतके हसले की फेटा सरकला. मग ते वाकले, त्यांनी स्वतः जोडे घातले, आणि उजवा डाव्या पायात गेला. दाजीची रिळं संस्थानभर फिरवायचा हुकूम त्यांनी तिथेच दिला आणि सगुणाला काय हवं ते विचारलं.

“पहिल्या रांगेतली एक खुर्ची,” ती म्हणाली. “रामजीकाकांसाठी.”