भिंतीकडे तोंड केलेला माणूस

“पण बाई, नुसतं बसून काय होणार?”

दयासागरनं एस्तेरबाईंना विचारलं. त्या आजारी याकोबरावांच्या घराबाहेरच्या नळावर हात धूत होत्या. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश.

दयासागर अमोलिक शाळेत मास्तर होता. चर्चच्या मंडळीत त्याच्यासारखी प्रार्थना कोणी करत नसे. एकदा डोळे मिटले की वीस मिनिटं शब्द अडत नसत. आजाऱ्यांना भेटायला कसं जावं हे एस्तेरबाई दर शनिवारी सभासदांना शिकवायच्या. दयासागर तिथं मागच्या बाकावर बसून घड्याळ बघायचा. हे काय शिकायचं असतं?

पण पंधरा दिवसांपूर्वी तो एकटाच याकोबरावांकडे जाऊन आला होता. खाटेशी उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करून आला होता. त्या दिवसापासून याकोबरावांनी भिंतीकडे तोंड केलं. पाळकसाहेब आले तरी ते वळले नाहीत. जेवणही सुटलं.

का, ते कोणालाच कळेना. आज दयासागर एस्तेरबाईंबरोबर परत आला होता.

“हात धू,” बाई म्हणाल्या. “फोन बंद कर.”

दार उघडंच होतं, तरी बाईंनी कडी वाजवली. याकोबरावांची बायको सुगंधा बाहेर आली.

“आत्ता आलेलं चालेल का? की परत येऊ?”

“या. जागेच आहेत.”

बाईंनी दोन स्टुलं खाटेजवळ ओढली, खाटेला धक्का लागू न देता. खिडकीचा उजेड अडवला नाही. “याकोबराव, सलाम. मी एस्तेर. बरोबर दयासागर आहे. थोडं बसतो. बोललंच पाहिजे असं नाही.”

पाठ हलली नाही.

बाई बसल्या. दयासागरही बसला.

...

मिनिटं जात होती. काविळीनं पिवळी पडलेली मान, उशीवरचा घाम, सुजलेलं पोट. दयासागरच्या जिभेवर वचनं गर्दी करू लागली. त्याच्या चुलत्याला असंच झालं होतं, तो काढ्यानं बरा झाला होता... तेही सांगावंसं वाटलं. त्यानं तोंड उघडलं.

बाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तोंड मिटलं.

...

“मास्तर.” आवाज भिंतीतून आल्यासारखा आला.

“जी.”

“विश्वास असला तर महिन्यात उठाल, म्हणाला होतात.”

“पोट वाढतंच आहे. म्हणजे माझा विश्वास खोटा. चाळीस वर्षं सुतारकी केली, रविवार एक चुकवला नाही... आणि आता मरताना कळतंय, सगळं खोटं.”

तसं म्हणायचं नव्हतं मला, हे वाक्य दयासागरच्या ओठापर्यंत आलं. त्याच्या मागं आणखी दहा वाक्यं उभी होती, सगळी स्वतःला सोडवणारी. त्यानं बाईंकडे पाहिलं. त्या याकोबरावांच्या पाठीकडे बघत होत्या.

“मी चुकीचं बोललो,” तो म्हणाला. “मला ठाऊक नव्हतं, तरी बोललो.”

...

मग खाट करकरली. याकोबराव कष्टानं वळले. डोळे हळदीसारखे झाले होते. ते दयासागरकडे बघत राहिले. त्यानंही नजर काढून घेतली नाही.

“भीती वाटते,” याकोबराव म्हणाले.

“भीती वाटते,” दयासागर त्यांचेच शब्द हळूच परत म्हणाला. आणि थांबला.

“मरणाची नाही. ही एकटी पडेल, त्याची.”

दारात सुगंधानं पदर तोंडाशी नेला.

बाईंनी विचारलं, “प्रार्थना करू का? नको असेल तर नको.”

याकोबरावांनी मान डोलावली.

“काय मागू?”

“तेच. हिचं.”

बाईंनी दयासागरला प्रार्थना करायला खुणावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शब्द शोधावे लागले.

“प्रभू, याकोबरावांना भीती वाटते. सुगंधाताईंची काळजी वाटते. तू दोघांजवळ राहा. आमेन.”

“आमेन,” याकोबराव म्हणाले. डोळे मिटले, पुन्हा उघडले. “मास्तर... पाणी द्या.”

दयासागरचा हात बाईंच्या शेजारच्या तांब्याकडे गेला, पण थांबला. “ताई, देऊ का? किती?”

“डॉक्टरांनी मोजकंच सांगितलंय. दोन चमचे द्या.”

त्यानं डोकं जरा उचलून धरलं आणि चमच्यानं पाणी दिलं. थोडं हनुवटीवर ओघळलं, ते रुमालानं टिपलं. याकोबराव थकले होते. बाई लगेच उठल्या, सुगंधाला विचारून परवाची वेळ ठरवली आणि निघाल्या.

दोघं गल्लीच्या वळणापर्यंत आले.

“बाई, मंडळीत विचारतील. ते काय बोलले, ते सांगू?”

“ते त्यांचं आहे.”

आणखी दहा पावलं गेली.

“त्यांनी मला माफ केलं असेल का? म्हणाले तर काहीच नाहीत...”

एस्तेरबाई चालत राहिल्या.

“तांब्या माझ्या हाताशी होता,” त्या म्हणाल्या. “पाणी तुझ्याकडे मागितलं.”