तहसीलदारांच्या बायकोचा अर्ज

तहसीलदार निळकंठराव लेखी अर्जाशिवाय कुणाचंच ऐकत नसत. हल्ली जिना चढताना त्यांची छाती आवळून यायची, डावा हात भरून यायचा आणि थांबलं की बरं वाटायचं. बायकोने विषय काढला की ते म्हणत, "कटकट नको."

एके सकाळी त्यांच्या पत्नी वत्सलाबाई कचेरीतल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी अर्ज पुढे केला. त्यात लिहिलं होतं: "या आठवड्यात तीनदा तुम्हाला जिन्यात छाती धरून थांबलेलं पाहिलं. मला भीती वाटते. आज अकराला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी सोबत येते."

कारकून हसू दाबू लागले. साहेब गुरगुरले, "उद्या या."

"मी येईन, साहेब. पण उद्या खुर्चीत तुम्ही असाल, एवढं लेखी द्या."

निळकंठरावांनी पेन उचललं. कागद कोराच राहिला. मग ते उठले.

"चला. पण जिना हळू उतरू."