सायकलची ताठ मान

एका गावात एक सायकल राहत होती. ‘राहत होती’ असे म्हणायचे, कारण ती जात कुठेच नव्हती. गोठ्यात कडब्याआड ती वर्षानुवर्षे गंजत उभी होती. सायकल आजोबांची होती.

त्या गावच्या शाळेत सावकाश सायकल शर्यत ठरली. जो शेवटी पोहोचेल तो जिंकला, मध्येच ज्याचा पाय टेकला तो बाद. ग्रामपंचायतीच्या कामांमुळे गावाला ही पद्धत ओळखीचीच होती.

आजोबांच्या नातीने सायकल बाहेर ओढली. बाबा म्हणाले, “जिंकलीस तर ठेव. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय.”

मुलगी कामाला लागली. चेन रॉकेलमध्ये भिजवून घासली, तेल दिले. ब्रेकचे कडक झालेले रबर बदलले. लाल रंगाचा डबाही आणला. शर्यतीच्या आदल्या दुपारी ती रंग ढवळत होती, तोच बाजेवरून आजोबा म्हणाले, “ठमे, पुढचं चाक उचल बघू.”

तिने उचलले. हँडल आपोआप एका बाजूला पडायला हवे होते. ते मधोमध अडून राहिले.

“मान धरलीय,” आजोबा म्हणाले. “जोरात पळवलीस तर चालून जाईल. सावकाश जाताना हँडल सारखं थोडं इकडं, थोडं तिकडं करावं लागतं. अडलं की पडलीस.”

“मग रंग कधी लावू?”

“रंगानं तोल सांभाळला असता, तर पोळ्याचे बैल सर्कशीत गेले असते.”

मुलीने एकदा डब्याकडे पाहिले, मग झाकण लावून पाना उचलला. हँडल उतरवले. आत हँडल ज्यांच्यावर फिरते ते छर्रे गंजले होते आणि एकाच जागी बसून बसून त्यांनी आपल्या लोखंडी वाटीत खड्डे पाडले होते. सायकलच्या दुकानातून तिने नव्या वाट्या आणि छर्रे आणले, ग्रीसमध्ये बसवले आणि खिळखिळे राहू नये म्हणून सगळा जोर लावून आवळले. हँडल पुन्हा अडले!

“अगं, गळा दाबू नकोस तिचा!”

तिने किंचित सैल केले. आता हँडल खडखडेना आणि अडेनाही. चाक उचलताच ते पेंगणाऱ्या माणसाच्या मानेसारखे बाजूला कलले. तोवर अंधार पडला होता. रंग डब्यातच राहिला.

सकाळी सरपंचांचा मुलगा चकचकीत सायकल घेऊन आला. हलू नये म्हणून त्याने हँडल चांगले कच्चून आवळून घेतले होते.

“ही सायकल आहे की गंजलेलं कुंपण?” तो हसला.

“कुंपणच आहे. पळत नाही,” मुलगी म्हणाली.

शिट्टी वाजली. चार हात जाताच चकचकीत सायकल डुलली, हँडल वळेना आणि सरपंचपुत्राचा पाय जमिनीला लागला. एकेक जण बाद झाला किंवा पुढे निघून गेला. मुलगी मात्र ब्रेक दाबत, हँडल जरा डावीकडे, जरा उजवीकडे करत मुंगीच्या चालीने सर्वांत शेवटी रेषेवर पोहोचली. शेवटच्या नंबरासाठी एवढ्या टाळ्या त्या शाळेत प्रथमच पडल्या.

सोमवारी भंगारवाला हात हलवत परत गेला. बाबा अंगणात बसून सायकलला लाल रंग लावत होते आणि आजोबा बाजेवरून त्यांच्या चुका काढत होते.

तात्पर्य: रंग मागाहूनही देता येतो, आधी मान वळते का ते पाहावे. हे सायकलींपुरतेच आहे असे कोणी समजू नये.