चपलेचा अंगठा

उन्हाळ्यात रेशनच्या दुकानापुढे लोक पिशव्या रांगेत ठेवून लिंबाच्या सावलीत बसत. बारा वर्षांचा सोपान पिशव्यांवर खडूने नंबर घालून पुकारा करी. पुकारल्यावर माणूस हजर नसला, की पिशवी शेवटी जाई.

एकदा माजी सरपंच रंगरावांच्या गड्याने पहाटेच मालकांची कोल्हापुरी चप्पल पहिल्या नंबरला ठेवली. पुकारल्यावर कोणी आलं नाही, म्हणून सोपानने ती शेवटी नेली.

अकराला रंगराव आले. "माझी चप्पल पहाटेपासून रांगेत आहे. आधी मला धान्य द्या."

"रांगेत चप्पल होती आबा, म्हणजे धान्य तिचं," सोपान म्हणाला. "तिलाही अंगठा आहे. मशीनवर लावा."

दुकानदाराने गंभीरपणे चपलेचा अंगठा मशीनवर टेकवला आणि थोडं थांबून म्हणाला, "आबा, हिचं नाव तुमच्या कार्डावर नाही."

रंगराव शेवटी जाऊन उभे राहिले.