पंचाला दिसो न दिसो

ही मधली चुन्याची रेघ बघा. संध्याकाळी अंतिम सामना सुरू व्हायच्या आधी पंच इथे येतील, गळ्यातली शिट्टी काढून या रेघेवर ठेवतील आणि दोन्ही संघांच्या गड्यांबरोबर गोल उभे राहतील. बाहेरगावचे पंच पहिल्यांदा आले की बावचळतात. शिट्टी खाली ठेवणारा पंच त्यांनी कुठे पाहिलेला नसतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मोरवंडात हे कुणी न विचारता सांगत नाही, आणि विचारलं तर थोडक्यात आटपत नाही.

साल कुणी साठ सांगतं, कुणी बासष्ट. मोरवंडचा कबड्डी संघ तेव्हा या किनाऱ्यावर वजनदार होता. कप्तान हिराजी नाखवा, होडीवरचा माणूस, जाळं विणणारा. त्याच्या डाव्या हाताला कोपऱ्यात काशिराम तांबे, घरादारासकट बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झालेला. उस्मान मुकादम चढाईला जायचा. हसकेल थळकर आपल्याकडच्या बेने इस्रायल, म्हणजे ज्यू घरातला, तेलाचा घाणा चालवणारा. पावलू रोझारियो ख्रिस्ती, त्याचं बेकरीचं दुकान होतं. आणि कोळीवाड्यातले दोघे चुलतभाऊ. असे सात.

या सातांची ख्याती साखळीची. समोरचा चढाईला आला की शेजारशेजारचे गडी एकमेकांचे हात धरून त्याला वेढायचे. हात सुटला तर साखळी गेली. असं सांगतात की मोरवंडची साखळी त्या वर्षापर्यंत कुणी तोडली नव्हती.

ती तुटली उपांत्य सामन्यात, आणि तुटली प्रार्थनेपायी.

पूर्वी रीत साधी होती. कप्तान रेघेवर नारळ फोडायचा, एकवीरा आईचा उदो करायचा आणि खेळ सुरू. चौघे गप्प उभे राहायचे, हे हिराजीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या वर्षी आलं. माणूस मनाचा मोठा, पण उतावळा. त्यानं ठरवलं, सगळ्यांचे देव घ्यायचे. कबड्डीत चढाई एका दमात, तर प्रार्थनाही एका दमात म्हणायची, अशी त्याची हौस. त्यानं छाती भरून घेतली आणि सुरू केलं: आई एकवीरे, या अल्ला, येशू बाबा, हसकेलच्या देवा, काशिरामच्या बुद्धदेवा, आम्हाला जिंकू दे. शेवटचं ‘दे’ म्हणेपर्यंत डोळे पांढरे झाले होते म्हणे.

त्याला वाटलं, शाबासकी मिळेल. मिळाली कसली. काशिराम रिंगणातून बाहेर पडला, कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. खेळताना हिराजीनं हात पुढे केला तेव्हा काशिरामचा हात एक क्षण उशिरा आला, आणि साखळी फुटली. सामना कसाबसा दोन गुणांनी जिंकला. पण साखरखाडीशी अंतिम सामना आठ दिवसांवर आणि हात असा उशिरा येणारा. नारळ फोडून जुळणारी गोष्ट नव्हती ती.

त्याच संध्याकाळी हिराजी काशिरामच्या अंगणात गेला. रागावूनच गेला, असं सांगतात. म्हणाला, “तुझं नाव घेतलं तरी रुसतोस. घेतलं नसतं तर काय केलं असतंस?”

काशिराम म्हणाला, “आमचा बुद्ध देव नाय, हिराजी. आमी त्याच्याकडं काय मागत नाय. आणि तू त्याच्याकडं कप मागितलास.”

“मग प्रार्थनाच नको?”

“तसं कुठं म्हटलं? आमी पण म्हणतो. सगळ्यांचं मंगल होवो, असं म्हणतो. तू ‘होवो’ म्हण. ‘दे’ म्हणू नको. ‘दे’ म्हटलं की समोर कोण तरी देणारा लागतो, आणि तिथंच आपली सातांची सात तोंडं होतात.”

हिराजी शाळेत चौथीपर्यंत गेलेला. व्याकरणानं त्याला कधी सुख दिलं नव्हतं. पण हे त्याला पटलं. आणि त्याहून मोठी गोष्ट पटली, की आपण इतकी वर्षं एकत्र खेळतो आणि एकालाही कधी विचारलेलं नाही. मग तो आठ दिवस घरोघर फिरला. प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारायचा: तुला काय म्हणता येत नाही, आणि तुला काय करावं लागतं?

उस्माननं सांगितलं, “माझ्या अल्लाला पाचांतला एक म्हणून मोजू नको, आणि मला हात जोडायला लावू नको. मी हात उघडे धरीन, तू बघूसुद्धा नको.” जिंकायचं मागू या का, असं विचारल्यावर तो हसला. म्हणाला, “साखरखाडीवालेही तेच मागणार. वरच्याला कशाला अडचणीत टाकतोस?”

हसकेल म्हणाला, “मला डोकं झाकायला रुमाल बांधू दे. देवाचं नाव आम्ही असं खेळात उच्चारत नाही, तेवढं सांभाळ. आणि एक सांगतो, आमच्यात बोललेला शब्द माणसाला बांधतो. पाळशील तेवढंच बोल.” पावलूला छातीवर क्रूस करायला क्षणभर वेळ हवा होता. तो म्हणाला, “तू येशूला तिसरा नंबर दिलास, त्याचं मला काय नाय. पण सारखं मागतोच आहेस. काय तरी कबूल पण कर.” आणि चुलतभावांतला धाकटा म्हणाला, “मला यातलं काहीच म्हणायचं नाय. मी गुडघ्याची पट्टी बांधत उभा राहीन.” हिराजी म्हणाला, “बांध. पण रिंगणात उभा राहून बांध.”

सामना रविवारी ठरवून घेतला, म्हणजे उस्मानचा शुक्रवार आणि हसकेलचा शनिवार दोन्ही मोकळे राहिले. पावलू चर्चमधली सकाळची मिस्सा करून आला. नारळाचं काय, असं हिराजीच्या आईनं विचारलं. तिला नारळ सुटलेला चालणार नव्हता, आणि तिचंही बरोबर होतं. हिराजीनं पहाटे आईबरोबर देवळात जाऊन नारळ फोडला, अंगारा लावला, उदो केला. ज्याची त्याची भक्ती ज्यानं त्यानं घरून पुरी करून यायची, आणि मैदानावर सगळ्यांना मिळून म्हणता येईल तेवढंच म्हणायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

सातजण गोल उभे राहिले. हात धरायचे की नाही तेही ज्याचं त्यानं बघायचं होतं. कुणी मागून म्हणायचं नव्हतं, एकानंच बोलायचं होतं. हिराजीनं दम घेतला आणि म्हणाला:

“ज्यांच्यामुळं आपण इथवर आलो त्यांची आठवण राहो. समोरच्यांचं आणि आपलं कुणाचं हाड न मोडो. दम पुरो. हात न सुटो. आणि अंगाला लागलेलं पंचाला दिसो न दिसो, आपल्या तोंडून खरं निघो. आता ज्याचं त्यानं.”

एवढंच. घड्याळात धरलं तर पाऊण मिनिटही नाही. मग एका दमाएवढी शांतता. उस्मानच्या तोंडून ‘आमीन’ गेलं, पावलूच्या तोंडून ‘आमेन’, हसकेलही तसंच काही पुटपुटला, काशिराम डोळे मिटून उभा राहिला, धाकट्यानं पट्टीची गाठ मारली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. आणि काशिराम रिंगण मोडेपर्यंत रिंगणात होता. हिराजीला कपाहून तेच हवं होतं, असं तो पुढे सांगायचा. मला विचाराल तर कपही हवाच होता त्याला. का नसावा?

साखळी त्या दिवशी एकदाही तुटली नाही. पण साखरखाडीवाले काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांचा जोमा ठाकूर एकेक गडी टिपत गेला. शेवटच्या चढाईला मोरवंड सव्वीस, साखरखाडी पंचवीस, आणि मोरवंडच्या मैदानात एकटा हिराजी उरलेला. बाकीचे सहा बाद होऊन मागे बसले होते. हिराजी वाचला तर कप मोरवंडचा. तो बाद झाला तर त्याचा एक गुण आणि सगळा संघ बाद झाल्याचे, म्हणजे लोणाचे, दोन.

जोमा कबड्डी कबड्डी करत आला. डावीकडे झेपला, उजवीकडे वळला, हिराजीनं पोट आत ओढून मागे उडी घेतली. जोमा रिकाम्या हाती परतला, रेघ ओलांडली आणि खाली बसला. त्यालाही वाटलं, हुकलं. त्या बाजूच्या पंचांनी हात आडवा हलवला, गुण नाही. वेळ संपली होती. शिट्टी ओठांत धरलेली, फुंकायची तेवढी राहिली होती. माणसं मैदानात घुसायला उठली.

तेवढ्यात हिराजीनं हात वर केला. म्हणाला, “लागला. सदऱ्याला.”

बोटाचं टोक त्याच्या सदऱ्याच्या सुटलेल्या शिवणीला लागलं होतं. कबड्डीत कापडाला लागलं तरी लागलंच.

पंचांनी विचारलं, “कुणी पाहिलं?”

“मी आहे ना.”

अठ्ठावीस-सव्वीस. कप साखरखाडीला गेला. काहीजण सांगतात की जोमानं तो दुसऱ्या दिवशी होडीतून परत आणला आणि हिराजीनं समुद्रात फेकला. खोटं आहे. कप साखरखाडीच्या शाळेत आहे, मी पाहिलाय, एका बाजूला पोचा आलाय. खरं एवढंच, की त्या संध्याकाळी गावातलं कुणी हिराजीशी बोललं नाही. आईनंही जेवण वाढलं आणि पाठ केली. मागे बसलेल्या सहांतला काशिराम तेवढा आधी उठला होता. तो मैदानात गेला आणि त्यानं हिराजीचा हात धरला. मग बाकीचे पाच आले. सहा बाद गडी आणि एक बाद कप्तान, तशी साखळी धरून घरी गेले म्हणे.

आता शिट्टीचं. पुढच्या वर्षी अंतिम सामन्याला हिराजी प्रार्थनेला उभा राहिला तेव्हा हात आडवा हलवणारे तेच पंच आले. गळ्यातली शिट्टी काढून रेघेवर ठेवली आणि म्हणाले, “मलाही जागा द्या.” हिराजीनं कारण विचारलं नाही. सरकून जागा केली. समोरचा संघ बघत होता, तोही आला.

कारण त्यांनी तीस वर्षांनी एकाच माणसाला सांगितलं. ते मोरवंडचेच होते. जोमाचं बोट सदऱ्याला लागलेलं त्यांना दिसलं होतं, स्वच्छ दिसलं होतं. गाव जिंकत होतं, म्हणून हात आडवा हलवला. ‘पंचाला दिसो न दिसो’ हे शब्द मी दहा हातांवरून ऐकले होते रे, असं ते म्हणाले. ते माझे वडील. मी आज तुम्हाला सांगतोय ते त्यांच्या परवानगीनं. जाताना म्हणाले होते, विचारेल त्याला सांगत जा.

आजही इथे कप्तान तेवढंच म्हणतो, एका दमात. आजही लागलेला गडी शिट्टीच्या आधी हात वर करतो. आणि आजही पंच शिट्टी खाली ठेवतो आणि मगच उचलतो. संध्याकाळी बघालच. या वर्षीचा पंच मी आहे.