साळूचे काटे आणि भेकराची मान

डोंगरसुद्धा बोलत असत, त्या काळातली गोष्ट. उन्हाळ्यात रानात एकच डोह उरला होता. साळू पाण्यावर आली की तिचे काटे खुळखुळत, आणि पलीकडच्या काठावरचं भेकर मान फिरवून घेई.

साळूला वाटे, याला माझे काटे खुपतात. मग ती मनातल्या मनात भेकराच्या जागी उभी राहून स्वतःकडे बघे. काय हे ध्यान, चालतं काटेरी झुडूप! हळूहळू तिला स्वतःचीच लाज वाटू लागली. काटे अंगाशी चापून ती चोरासारखी चालू लागली. सगळे गेल्यावरच उरलेलं गढूळ पाणी ती पिई. भेकर मात्र तिला एका शब्दाने कधी बोललं नव्हतं.

एके दिवशी तिच्या वाट्याला नुसता चिखल आला. घशाला कोरड पडली, तशी साळू हट्टाला पेटली. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांदेखत काठावर गेली आणि भेकरासमोर उभी राहिली.

"भेकरदादा, मला बघून मान का फिरवतोस? खरं सांग."

भेकर ओशाळलं. "माझे सुळे ओठांबाहेर आलेत ना, साळूताई. तू हसशील म्हणून तोंड लपवतो."

"कुठले सुळे?" साळूने विचारलं.

इतके दिवस ती त्याच्या डोळ्यांत स्वतःलाच न्याहाळत होती. त्याच्या तोंडाकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

तिने काटे मोकळे सोडले आणि खुळखुळत पाण्यात उतरली. समोर भेकरानेही मान सरळ केली.