मनातलं बोलणारं मडकं आणि सुभानजीचे चिंचोके

एक होता राजा. पण ही गोष्ट राजाची नाही, बरं का. ही गोष्ट त्याच्या पारख्याची. पारखी म्हणजे परीक्षा करणारा माणूस. त्याचं नाव सुभानजी.

सुभानजी फार संशयी. दूधवाल्यानं दूध घातलं की आधी बोट बुडवून बघायचा. कुणी 'राम राम' केला तर विचारायचा, "का रे बाबा, आज काय काम काढलंस?" बायको म्हणायची, "अहो, एखाद्या दिवशी आरशातल्या माणसालाही विचाराल, तू कोण म्हणून!" पण एक मात्र खरं. संशय घ्यायचा तर तो सगळ्यांचा सारखाच घ्यायचा. राजाच्या भाच्याला एक माप आणि गवळ्याच्या पोराला दुसरं, असं त्यानं कधी केलं नाही. म्हणून तर राजानं त्याला पारखी नेमलं होतं.

तर त्या गावी वनजाईची जत्रा भरायची आणि जत्रेत कलेची चढाओढ व्हायची. कुणी गाई, कुणी नाचे, कुणी दोरीवर चाले. आणि त्या वर्षी बक्षीस काय होतं? वेशीच्या आत घर बांधायला जागा.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं! गावातल्यांना नव्हतंच ते मोठं. पण वेशीबाहेर, ओढ्याच्या काठी, एक पाल पडलं होतं. त्यात हौसा नावाची मुलगी आणि तिची आई राहत होती. गावोगाव फिरणारी माणसं ती. त्यांना गावात कुणी मुक्काम करू देत नव्हतं. लोक म्हणत, "यांच्याजवळ बोलणारं मडकं आहे. चेटूक असणार!" आई तापानं फणफणली होती आणि पालात रात्रभर गार वारा घुसत होता. हौसाला ती जागा हवी होती. दुसरं काही नको होतं.

मग चढाओढीचा दिवस उजाडला. दवंडीवाल्यानं आधीच नियम ऐकवले. परीक्षक तीन. एक सुभानजी, दुसऱ्या रंभाबाई, ज्यांनी तरुणपणी नाचून देवळाचं अंगण गाजवलं होतं, आणि तिसरे दौलतराव, राजाचे नगारची. प्रत्येकापुढे प्रत्येक खेळासाठी तीन वाट्या. पहिली वाटी सफाईची: खेळ कुठे अडखळला की स्वच्छ झाला? दुसरी अवघडपणाची: करायला किती कठीण? तिसरी रंगतीची: लोक किती गुंगले? प्रत्येक वाटीत दहापर्यंत चिंचोके टाकायचे. परीक्षकांनी आपसांत बोलायचं नाही, तिघांच्या मध्ये पडदे. वाट्या फडक्यानं झाकून पुजाऱ्याकडे दिल्या की परत मागायच्या नाहीत. दोघांची बेरीज सारखी झाली, तर अवघडपणाचे चिंचोके ज्याचे जास्त, तो जिंकला. आणि शेवटचा नियम: साधन काहीही आणा, पण कला स्वतःची हवी.

मग खेळ सुरू झाले. पहिला आला बासरीवाला. छान वाजवलं त्यानं. तरी सुभानजीनं प्रत्येक वाटीत पाच-सहाच चिंचोके टाकले. का? पहिल्यालाच दहा दिले, तर त्याच्याहून सरस कुणी आला तर त्याला काय देणार? म्हणून शहाणा परीक्षक पहिला खेळ मध्यावर ठेवतो, म्हणजे वरही जागा राहते आणि खालीही. आणि हो, बासरी त्यानं आधी तपासली होती. मग आला भैरू, दोरीवर चालणारा. सुभानजीनं दोरी ओढून पाहिली, तळवे पाहिले, मगच 'चालू दे' म्हणाला. भैरू डोक्यावर पेटती समई घेऊन दोरीवरून गेला आणि आला, एकदाच काय तो जरासा लचकला. लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला.

आणि मग आली हौसा.

तिनं मांडीवर मडकं घेतलं. ओठ मिटले. आणि काय सांगू! मडक्यातून जात्यावरची ओवी ऐकू आली. ओवीबरोबर जात्याची घरघर, बांगड्यांची किणकिण, लांब कुठेतरी कोंबड्याची बांग. पुढच्या रांगेतले लोक घाबरून मागे सरकले. मागचे मात्र माना उंचावून ऐकत राहिले. मध्येच मांडवात एक तान्हं रडलं आणि ओवी तुटली. मडक्यातून शब्द आले, "अगं बाई, कुणाचं लेकरू?" मग ओवी पुन्हा सुरू झाली आणि शेवटपर्यंत गेली.

सुभानजीच्या कपाळाला आठी पडली. "कुणाचं लेकरू म्हणे! म्हणजे आत कुणीतरी लपलंय."

रंभाबाईंनी आणि दौलतरावांनी आपापल्या वाट्या झाकून देऊन टाकल्या. सुभानजीच्या तिन्ही वाट्या मात्र रिकाम्याच होत्या. त्यानं हौसाला जवळ बोलावलं.

"काय गं, कोण गातं यात?"

"कुणी नाही, आजोबा. हे मडकं ज्याच्या हाती असेल त्याच्या मनातलं बोलतं."

"म्हणजे गातं मडकं. मग तू काय करतेस?"

हौसा म्हणाली, "मी दुसरं काही मनात येऊ देत नाही."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

बघा हं, इथे सुभानजी कसा अडकला. पोरीनं हातचलाखी केली असती, गळ्यातून लपून आवाज काढला असता, तर ती कला तिची. अवघडपणाला भरपूर चिंचोके. पण मडकं खरंच जादूचं असेल, तर गुण मडक्याचे! पोरगी नुसती धरून बसलेली. अवघडपणाची वाटी रिकामी जायची. म्हणजे ती खोटी निघाली तर जिंकणार आणि खरी निघाली तर हरणार. असला पेच त्याला जन्मात पडला नव्हता.

मग त्यानं ठरवलं, तपासल्याशिवाय एकही चिंचोका टाकायचा नाही.

पहिल्यांदा त्यानं मडकं पालथं केलं, आत दिवा धरला, बोटानं वाजवून पाहिलं, पाणी ओतून पाहिलं. भोक नाही, फट नाही, दुहेरी बूड नाही. मातीचं साधं मडकं.

दुसऱ्यांदा त्यानं हौसाला मांडवाबाहेर उघड्या मैदानात बसवलं, जवळपास चिटपाखरू नाही असं. रंभाबाईंच्या हातून तिच्या तोंडावर फडकं बांधवलं. तरी मडक्यातून ओवी आली, तश्शी.

तिसऱ्यांदा त्यानं ते मडकं रावजी पहारेकऱ्याच्या हातात दिलं. रावजीनं छाती पुढे काढली, तर मडकं बोललं, "अजून किती खेळ उरलेत रे देवा! पाय तुटले. घरी पिठलं केलं असेल का? की परत तेच वांगं?" रावजीची बायको गर्दीतून ओरडली, "वांगं नकोय होय तुम्हाला? उपाशी झोपा मग!" सगळा मांडव खो खो हसला.

सुभानजी हसला नाही. मडकं खरं निघालं होतं. तो मनाशी म्हणाला, "मग तर कामच सोपं झालं. मनात एक गाणं धरायचं, त्यात अवघड ते काय?" त्याचा हात अवघडपणाच्या वाटीवर गेला, एकच चिंचोका टाकायला. आणि तिथेच थांबला. दोरी त्यानं ओढून पाहिली होती. बासरी फुंकून पाहिली होती. मग मनात गाणं धरून का नाही पाहायचं?

त्यानं मडकं मांडीवर घेतलं. डोळे मिटले. लहानपणापासून पाठ असलेली आरती मनात धरली. मडकं आरती म्हणू लागलं. एक ओळ झाली. दुसरी अर्धी झाली. आणि मग, बरं का, मडकं सुभानजीच्याच आवाजात घडाघडा बोलू लागलं:

"दौलतरावांचा नगारा सैल वाटतो. रंभाबाई पडद्याआड ऐकतात की झोपतात? पुजारी चिंचोके मोजतो, पण नीट मोजतो ना? तो कोपऱ्यातला माणूस माझ्याकडे का बघतोय? सगळ्या खेळांत ही पोरगी मला सर्वांत जास्त आवडली. म्हणजे यात काहीतरी लबाडी असणारच!"

या वेळी मांडवात कुणी हसलंसुद्धा नाही.

सुभानजीनं मडकं हळूच खाली ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते. पण कळायचं ते कळलं होतं. इथे तो आवडीनं पाठ केलेल्या आरतीच्या दोन ओळी धरू शकला नव्हता. आणि या मुलीनं काय केलं होतं? भरल्या मांडवात, हजार डोळे रोखलेले असताना, आई तिकडे तापात पडलेली असताना, अख्खी ओवी मनात धरली होती. मडकं तर दोघांचं एकच होतं. मग फरक कुणाचा? फरक हौसाचा. कला तिचीच होती.

त्यानं अवघडपणाच्या वाटीत दहा चिंचोके टाकले.

मग सफाईची वाटी. हात दहाकडेच चालला होता. वाटलं, चारचौघांत पोरीला लबाड म्हटलं, आता भरपाई करावी. पण तान्हं रडलं तेव्हा ओवी तुटली होती, आणि भैरूची एक लचक दिसली तेव्हा त्याचेही गुण त्यानं कापले होते. माफी मागायची तर तोंडानं मागावी, चिंचोक्यांनी नाही. त्यानं सात टाकले. रंगतीलाही सातच, कारण पुढच्या रांगा घाबरून मागे सरकल्या होत्या, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग वाट्या झाकल्या, पुजाऱ्याकडे दिल्या आणि हौसापुढे हात जोडले. "बाळ, मी चुकलो," म्हणाला.

मग पुजारी सगळ्यांदेखत मोजू लागला. भैरूचे तिघांचे मिळून बहात्तर. बाकीचे सगळे त्याच्या मागे. मग हौसाचे. रंभाबाईंचे पंचवीस. दौलतरावांचे तेवीस. सुभानजीचे चोवीस. किती झाले? बहात्तर!

बरोबरी! सुभानजीला वाटलं, सफाईत एक चिंचोका जास्त टाकला असता तर! पण दिलेली वाटी परत मागायची नाही.

मग पुजाऱ्यानं दोघांच्या अवघडपणाच्या वाट्या वेगळ्या काढल्या. भैरूचे पंचवीस. हौसाचे रंभाबाईंकडून नऊ, दौलतरावांकडून सात आणि सुभानजीकडून दहा. सव्वीस!

गर्दीतून कुणी ओरडलं, "चेटूक जिंकलं!" तसा भैरूच पुढे झाला. "चेटूक कसलं? तुझ्या हातात देऊ का मडकं? बोलू दे सगळ्यांसमोर!" तो माणूस जो पळाला, तो वेशीपाशीच थांबला.

मग काय, हौसाला जागा मिळाली. भैरूनं वासे बांधून दिले, रावजीच्या बायकोनं भिंती लिंपल्या. आईचा ताप उतरला आणि दोघी आपल्या घरात सुखानं राहू लागल्या. सगळ्यांचं भलं झालं, तसं तुमचंही होवो. चला, आता पाय पांघरुणात घ्या, डोळे मिटा आणि झोपा बघू गुपचूप.